स्मार्टवॉच हरवलं? ॲपमधला ठिपका नेमकं काय सांगतो, आणि घड्याळाला दुरून कुलूप कसं लावायचं

अहिल्यानगर : कांदा मार्केट असो, दूध संकलन केंद्र असो की कॉलेजचे गेट, आता निम्म्या मनगटांवर स्मार्टवॉच दिसते. कुणाचे दीड हजाराचे, कुणाचे पंचवीस हजाराचे. पट्ट्याची पिन निसटली किंवा हातपाय धुताना काढून ठेवले की ते हरवतेही लवकर. मग शेजारचा माणूस हमखास म्हणतो, "अरे, फोनमध्ये बघ ना, कुठंय ते लगेच कळतं!"

कळते, पण दर वेळी नाही. आणि जे कळते त्याचा अर्थ नीट लावला नाही तर माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. नकाशावर दिसणारा ठिपका बहुतेक वेळा घड्याळ आत्ता कुठे आहे हे सांगत नसतो. घड्याळाचा शेवटचा संपर्क कुठे झाला होता, एवढेच तो सांगतो. तसेच 'लॉक करा' हे बटण दाबले म्हणजे घड्याळ लॉक झाले असेही नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पहिला अर्धा तास वाया जात नाही, आणि घड्याळ मिळण्याची खरी संधी त्याच अर्ध्या तासात असते.

आधी हे बघा, घड्याळ कोणत्या जातीचं?

बाजारात मिळणाऱ्या स्मार्टवॉचचे शोधण्याच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार साध्या ब्लूटूथ घड्याळांचा. हजार ते तीन-चार हजार रुपयांत मिळणारी बहुतेक घड्याळे यात येतात. यांना स्वतःचे इंटरनेट नाही, आणि हरवल्यावर आपला पत्ता कुणाला कळवण्याची सोयही नसते. फोन जवळ असेल तरच ती फोनशी बोलतात. त्यांच्या ॲपमधले 'Find Watch' किंवा 'Find Device' हे बटण दाबले की घड्याळ थरथरते, स्पीकर असेल तर वाजतेही. पण हे फक्त फोनच्या टप्प्यात असताना. घड्याळ पाथर्डीत पडले आणि फोन शेवगावला पोहोचला, तर त्या बटणाचा काही उपयोग नाही. दुरून कुलूप लावण्याची सोयही या घड्याळांत सहसा नसते.

दुसरा प्रकार खात्याशी जोडलेल्या घड्याळांचा. सॅमसंगचे गॅलेक्सी वॉच सॅमसंग अकाउंटशी बांधलेले असते, ॲपलचे घड्याळ ॲपल अकाउंटशी. यात नकाशा, लॉस्ट मोड, दुरून लॉक आणि दुरून डेटा पुसणे या चारही सोयी मिळतात. मात्र यातलेही ब्लूटूथवाले मॉडेल असेल तर फोनपासून दूर गेल्यावर त्याला ओळखीचे वायफाय मिळेपर्यंत इंटरनेट नसते.

तिसरा प्रकार म्हणजे याच घड्याळांचे सिमवाले मॉडेल. आत ई-सिम असते, त्यामुळे फोन घरी राहिला तरी मोबाईलच्या रेंजमध्ये घड्याळाशी संपर्क राहतो. हरवल्यावर सापडायला हेच सगळ्यात सोपे. पण बॅटरी संपली किंवा डोंगराआड रेंज गेली की तेही गप्प होते.

आपले घड्याळ कोणत्या प्रकारात बसते हे बऱ्याच जणांना हरवल्यावरच कळते. खोक्यावर किंवा बिलावर मॉडेलच्या नावापुढे 'LTE' किंवा 'Cellular' असे लिहिलेले असेल तर ते सिमवाले.

ठिपका वाचायचा कसा?

नकाशा उघडल्यावर सगळ्यांची नजर ठिपक्याकडे जाते. खरे तर आधी त्याच्याजवळची वेळ वाचायला हवी. '३ मिनिटांपूर्वी' असे दिसत असेल तर ठिपका ताजा आहे. सकाळी ९ वाजून ५२ मिनिटांची वेळ असेल आणि आता साडेअकरा वाजले असतील, तर तो ठिपका जवळजवळ पावणेदोन तास जुना आहे. मधल्या वेळात घड्याळ तिथेच पडलेले असू शकते, किंवा कुणाच्या खिशात बसून तालुक्याबाहेरही गेलेले असू शकते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ. वर्तुळ लहान असेल तर जागा बऱ्यापैकी नेमकी. वर्तुळात अर्धे गाव येत असेल, तर जागा उपग्रहावरून नाही, मोबाईल टॉवरवरून अंदाजाने काढलेली आहे. ग्रामीण भागात टॉवर लांब लांब असतात, त्यामुळे अशा वेळी वर्तुळ आणखी पसरते. त्या वर्तुळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले तरी घड्याळ तिथेच सापडेल असे नाही.

तिसरी गोष्ट, हा ठिपका मुळात कुणाचा? ब्लूटूथ घड्याळाच्या बाबतीत शेवटची जागा ही बहुधा फोनची जागा असते. फोन आणि घड्याळ यांचा संपर्क तुटला त्या क्षणी फोन कुठे होता, ते नकाशा दाखवतो.

शिर्डीत याचा घोटाळा सहज होऊ शकतो. समाधी मंदिरात मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर काउंटरवर ठेवावा लागतो. घड्याळ मात्र मनगटावर राहिले आणि रांगेत कुठेतरी पडले, तर नकाशावर ठिपका दिसणार मोबाईल काउंटरचा. कारण संपर्क तुटला तो तिथे. घड्याळ हरवलेले असते रांगेत, आणि माणूस काउंटरवाल्याशी वाद घालत बसतो. अशा वेळी ठिपका बाजूला ठेवून दर्शनरांगेचा मार्ग आठवावा आणि संस्थानच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना सांगावे.

याशिवाय सॅमसंग आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांची आणखी एक सोय आहे. हरवलेल्या घड्याळाजवळून त्याच कंपनीचा दुसऱ्या कुणाचा फोन गेला, तर तो फोन घड्याळाचा ब्लूटूथ इशारा पकडून त्याची जागा गुपचूप मालकाच्या खात्यावर पोहोचवतो. त्या फोनवाल्याला काही कळत नाही आणि मालकाला तो फोन कुणाचा हे कळत नाही. सॅमसंगमध्ये या सोयीला 'Offline finding' म्हणतात आणि ती हरवण्याआधी चालू असावी लागते. ही सोय गर्दीवर चालते. संगमनेरच्या बसस्थानकावर दर मिनिटाला असे फोन येतात-जातात. उसाच्या फडात दिवसभरात एखादाही येत नाही. म्हणून बाजारात हरवलेल्या घड्याळाचा ठिपका हलत राहतो आणि शेतात हरवलेल्याचा जागेवर थिजतो.

एक उदाहरण, घोडेगावचं मार्केट

समजा, नेवासा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात सॅमसंगचे ब्लूटूथवाले गॅलेक्सी वॉच आहे. सकाळी सात वाजता त्याने उसाला पाणी धरले, विहिरीवर हातपाय धुतले. साडेनऊला कांद्याची गाडी घेऊन घोडेगावच्या मार्केटला आला. गोण्या उतरवल्या, लिलाव झाला. साडेअकराला चहाच्या टपरीवर वेळ बघायला हात वर केला, तर मनगट रिकामे.

पहिला विचार मनात येतो तो विहिरीचा. "हात धुताना काढलं असणार!" आणि माणूस गाडी काढून घराकडे निघतो. इथेच थांबायला हवे.

फोनमध्ये 'Galaxy Wearable' ॲप उघडले, घड्याळ 'Disconnected' दिसते. खाली 'Find My Watch' वर गेले, नकाशा आला. ठिपका घोडेगाव मार्केटच्या आवारात, वेळ ९:५२. याचा अर्थ सरळ आहे. ९:५२ पर्यंत घड्याळ आणि फोन एकमेकांच्या टप्प्यात होते. म्हणजे घड्याळ विहिरीवर राहिलेलेच नाही, ते मार्केटपर्यंत सोबत आले. त्या वेळी काय चालले होते? गोण्या उतरवणे. तिथून तो लिलावाच्या गर्दीत गेला, फोन खिशात सोबत गेला, घड्याळ मागे राहिले.

आता दोन कामे, याच क्रमाने. टपरीवर उभ्या उभ्याच आधी लॉस्ट मोड चालू करायचा. त्याला दोन मिनिटे लागतात. मग ॲप उघडे ठेवूनच गोण्या उतरवल्या त्या जागेकडे हळूहळू चालायला लागायचे. जवळ गेल्यावर फोनने घड्याळ पुन्हा पकडले की ॲपमध्ये 'Connected' दिसेल. त्याच क्षणी लॉकची आज्ञाही घड्याळापर्यंत पोहोचेल, कारण आता त्याला फोनमार्फत इंटरनेट मिळाले. मग 'Ring' दाबायचे आणि कान द्यायचा. गोण्यांच्या ढिगाखालून आवाज दबका येतो, तेव्हा शेजारच्या हमालांना क्षणभर गलका थांबवायला सांगितलेले बरे.

आता दुसरी शक्यता. लॉस्ट मोड लावून तो जागेवर पोहोचला, घड्याळ जोडले गेले नाही. दुपारी पावणेदोनला ठिपका अचानक वडाळा बहिरोबाजवळ, महामार्गावर उमटला. म्हणजे घड्याळ कुणीतरी उचलून नेले आहे आणि वाटेत कुणाच्या तरी फोनने त्याचा इशारा पकडला. उचलणारा चोरच असेल असे नाही. परत द्यायच्या विचाराने ठेवणारेही असतात, आणि लॉस्ट मोडचा संदेश दिसला की फोन करतात. पण एकट्याने गाडी काढून ठिपक्याचा पाठलाग करायचा नाही. ठिपका घराचा उंबरा दाखवत नाही, आळी दाखवतो. चुकीच्या घराच्या दारात आरोप करत उभे राहिले तर भांडण होते आणि घड्याळ राहते बाजूला.

लॉस्ट मोड लावायचा कसा?

सॅमसंगमध्ये 'Galaxy Wearable' उघडून 'Find My Watch' वर गेले की घड्याळाच्या नावाखाली पर्याय दिसतात. ॲपच्या आवृत्तीनुसार त्यात 'Lost mode' किंवा 'Lock' असे लिहिलेले असते. त्यावर गेल्यावर पिन, संपर्काचा नंबर आणि संदेश भरायचा आणि खात्री करायची.

ॲपलमध्ये आयफोनवरचे 'Find My' ॲप उघडून 'Devices' मध्ये घड्याळ निवडायचे. 'Play Sound' ने ते वाजवता येते. त्याखाली 'Mark As Lost' किंवा नव्या आवृत्तीत 'Lost Apple Watch' असा पर्याय असतो. तो चालू केला की घड्याळ पासकोडने बंद होते आणि पडद्यावर तुमचा नंबर व संदेश दिसतो.

फोनही सोबतच हरवला असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनच्या ब्राउझरमधून हेच करता येते. ॲपलसाठी icloud.com/find आणि सॅमसंगसाठी smartthingsfind.samsung.com हे पत्ते आहेत. काम झाल्यावर त्या फोनवरून लॉग-आउट करायला विसरायचे नाही.

संदेश मराठीत आणि एका ओळीत लिहावा. 'हे घड्याळ हरवले आहे. कृपया या नंबरवर फोन करा.' एवढे पुरे. त्यात स्वतःचे नाव, गाव, घराचा पत्ता घालू नये. मुलीचे घड्याळ असेल तर नंबर घरातल्या मोठ्या माणसाचा किंवा दुकानाचा द्यावा. रस्त्यात पडलेल्या घड्याळावरून तिचा नंबर कुणाच्याही हाती जाऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बटण दाबल्यावर आज्ञा निघते, पण ती घड्याळाला मिळते ते घड्याळ इंटरनेटवर आल्यावर. तोपर्यंत पडद्यावर 'Pending' असे किंवा तशा अर्थाचे काहीतरी दिसत राहते. सिमवाल्या घड्याळाला आज्ञा लगेच मिळू शकते. ब्लूटूथवाल्याला ती मिळायला एकतर तुमचा फोन जवळ यावा लागतो किंवा आधी जोडलेले एखादे वायफाय. अनोळखी घरात पडलेल्या ब्लूटूथ घड्याळाला यातले काहीच मिळत नाही, आणि आज्ञा दिवसेंदिवस तशीच वाट पाहत राहते. घड्याळ बंद केले किंवा बॅटरी संपली तरी तेच. लॉक खरोखर लागले की ॲपमध्ये तसे दिसते किंवा खात्याच्या ईमेलवर सूचना येते. ती येईपर्यंत घड्याळ उघडेच आहे असे धरून चालावे.

म्हणूनच भरवशाचे कुलूप दुरून लावायचे नसते, ते आधीच लावून ठेवायचे असते. गॅलेक्सी वॉच आणि ॲपल वॉच या दोन्हींत पिन ठेवला की घड्याळ मनगटावर असेपर्यंत उघडे राहते आणि मनगटावरून निघाले की आपोआप बंद होते. पट्टा तुटून ते चिखलात पडले तरी त्याच क्षणी कुलूप लागते. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही. शनी शिंगणापूरला घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे, पण तिथल्या वाटेवर पडलेल्या घड्याळाला मात्र कुलूप असलेलेच बरे.

साधं ब्लूटूथ घड्याळ शोधायची रीत

दीड-दोन हजाराच्या घड्याळाला नकाशा नाही, लॉस्ट मोड नाही. तरीही एक हत्यार हातात असते, ते म्हणजे फोनचे ब्लूटूथ. घड्याळाची बॅटरी संपायच्या आत त्याचा वापर करायचा.

घड्याळ शेवटचे कधी पाहिले ते आठवून त्या वाटेने परत जायचे. फोनचे ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवायचे, घड्याळाचे ॲप उघडे ठेवायचे. पंधरा-वीस पावले चालायचे, मग अर्धा मिनिट थांबायचे. थांबणे गरजेचे आहे, कारण फोनला घड्याळ पुन्हा जोडून घ्यायला थोडा वेळ लागतो. मोटारसायकलवरून शोधायला गेले तर घड्याळ टप्प्यात येते आणि जोडले जायच्या आत मागेही पडते. ॲपमध्ये 'Connected' आले की जागेवर थांबून 'Find Watch' दाबायचे. आवाज आला नाही तर चारी दिशांना थोडे थोडे चालून बघायचे. ज्या दिशेला संपर्क तुटतो त्याच्या उलट दिशेला घड्याळ आहे.

टप्पा साधारण दहा मीटरचा धरावा. मोकळ्या पटांगणात तो वाढतो. भिंत, लोखंडी पत्रा किंवा ओले पीक मध्ये आले की घटतो. ब्लूटूथची लहर पाण्यात शोषली जाते, आणि उभ्या उसात पाणीच पाणी असते. फडाच्या बांधावरून चालून "इथं नाही" असे म्हणण्यात अर्थ नाही, सरीत आत शिरूनच बघावे लागते. घड्याळाला स्पीकर नसेल तर थरथर मातीवर ऐकू येत नाही. मग अंधार पडल्यावर बटण दाबावे. पडदा उजळतो, तो रात्री लांबून दिसतो.

ओटीपीचं काय?

घड्याळ गेल्याचे दुःख पैशांचे, पण धोका वेगळाच असतो. फोनवर आलेला प्रत्येक मेसेज घड्याळावर दिसतो, त्यात बँकेचा ओटीपीही आला. घड्याळ दहा किलोमीटर दूर गेले असेल तर ब्लूटूथवाल्या घड्याळावर नवे मेसेज जात नाहीत. आधीचे मात्र त्यात पडून असतात.

खरी काळजी घड्याळ जवळपासच हरवले असेल तेव्हा. वसतिगृहाची शेजारची खोली, कामाचे ठिकाण, दुकानाचा काउंटर. अशा ठिकाणी ते दुसऱ्याच्या हातात असूनही तुमच्या फोनच्या टप्प्यात राहते आणि येणारे मेसेज त्याला दाखवत राहते. घड्याळाला पिन नसेल तर ते वाचायला काहीच अडचण नाही. म्हणून शोध चालू असताना घड्याळाच्या ॲपमध्ये 'Notifications' मध्ये जाऊन मेसेज, व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲपच्या सूचना घड्याळावर जाणे बंद करावे. ब्लूटूथ बंद करायचे नाही, नाहीतर घड्याळ शोधायची वाटच बंद होते.

सिमवाल्या घड्याळाचे ई-सिम बंद करण्यासाठी मोबाईल कंपनीला कळवावे लागते, पण क्रम महत्त्वाचा. आधी लॉक लागल्याची खात्री, मग शेवटची जागा टिपून घेणे, आणि मग सिम बंद. सिम आधी बंद केले तर लॉकची आज्ञा घड्याळापर्यंत पोहोचायचा रस्ताच तुटतो. घड्याळाला पिन नसेल आणि लॉकही लागत नसेल, तर मात्र सिम बंद करायला थांबू नये, कारण त्यावरून कुणीही फोन लावू शकतो.

घाईत होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक ॲपमधून घड्याळ काढून टाकण्याची. 'Unpair' किंवा 'Remove' दाबले की काहींना वाटते, आता त्याला आपला डेटा दिसणार नाही. प्रत्यक्षात उलटे होते. साध्या घड्याळाशी फोनचे नाते तुटते आणि ते जवळ आले तरी आपोआप जोडले जात नाही. ॲपलमध्ये घड्याळ खात्यातून काढले तर 'Activation Lock' निघून जाते, म्हणजे ज्याच्या हातात ते आहे त्याला ते स्वतःच्या नावावर करायला मोकळीक मिळते.

दुसरी चूक लगेच 'Erase' दाबण्याची. डेटा पुसला की साधारणपणे शोध तिथेच संपतो. हा शेवटचा उपाय आहे. घड्याळ परत मिळण्याची आशा सोडली असेल तेव्हाच वापरावा. ॲपलचे घड्याळ पुसले तरी 'Activation Lock' कायम राहते, फक्त त्यानंतर ते खात्यातून काढायचे नाही.

तिसरी चूक आलेल्या फोनवर विश्वास ठेवण्याची. लॉस्ट मोडमुळे तुमचा नंबर घड्याळावर दिसतो. कुणी "घड्याळ सापडलंय, तुमचंच आहे का बघायला पिन सांगा" म्हणाले, किंवा "कंपनीतून बोलतोय" असे सांगून लिंक पाठवली, तर त्याला कुलूप उघडायचे आहे एवढेच समजावे. घड्याळ परत द्यायला पिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, ओटीपी तर मुळीच लागत नाही. खूण पटवायचीच असेल तर पट्ट्याचा रंग किंवा काचेवरचा ओरखडा तुम्ही सांगा.

पोलिसांत काय द्यायचं?

हरवलेल्या वस्तूची नोंद पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते. बिल, घड्याळाचा सिरियल नंबर आणि वेळेसह नकाशाचा स्क्रीनशॉट सोबत ठेवावा. ठिपका हलला की दर वेळी नवा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण जुनी जागा नंतर ॲपमध्ये दिसेलच असे नाही.

अनेक जण हरवलेल्या मोबाईलसारखे घड्याळही 'संचार साथी' पोर्टलवर बंद करता येईल असे समजतात. मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालेली ही सोय आयएमईआय नंबरवर चालते. ब्लूटूथ घड्याळाला आयएमईआय नंबरच नसतो, त्यामुळे तिथे काही उपयोग होत नाही.

चोरीची तक्रार असेल तर किमतीचाही प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिल्यांदा केलेली चोरी अदखलपात्र धरली आहे. त्यामुळे दोन हजाराच्या घड्याळासाठी ठाण्यात गेल्यावर एफआयआरऐवजी अदखलपात्र नोंद झाली तर तो टाळाटाळीचाच प्रकार असेल असे नाही.

आज रात्रीच तपासा

घड्याळ चार्जिंगला लावताना पाच मिनिटे काढली तर वरचे बरेचसे टळते. सॅमसंग किंवा ॲपलचे घड्याळ असेल तर पिन लावलेला आहे का, 'Find My' किंवा 'Find My Watch' चालू आहे का, सॅमसंगमध्ये 'Offline finding' चालू आहे का आणि खात्याचा पासवर्ड आठवतो का, हे बघावे. घड्याळ दुकानदाराने लावून दिले असेल तर खाते त्याच्याच ईमेलवर असण्याची शक्यता असते. तसे असेल तर घड्याळ हरवल्यावर नकाशा दुकानदाराला दिसेल, मालकाला नाही.

साधे घड्याळ असेल तर ॲपमधले 'Find Watch' एकदा घरातच दाबून बघावे. ते वाजते की नुसते थरथरते, आणि किती पावलांवर गेल्यावर संपर्क तुटतो, हे अंगणात मोजून ठेवावे. घड्याळात पडदा लॉक करायची सोय असेल तर ती चालू करावी. सिरियल नंबर आणि बिल यांचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवावा.

जुने घड्याळ विकत घेणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. विकणाऱ्याने आपल्यासमोर ते स्वतःच्या खात्यातून काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. "नंतर काढून देतो" म्हणणाऱ्याचे घड्याळ कदाचित त्याचे नसेलच. ते दुसऱ्या कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन दिसत असेल, आणि तो ठिपका आता घेणाऱ्याच्या घरापर्यंत येऊन पोहोचेल.